कथेची मोजपट्टी : एका निकषाचा प्रवास

कथेबद्दल बोलताना 'एकसंध परिणाम' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहज करतो, की तो कुठून आला हे विचारण्याची गरज वाटत नाही. त्याचा माग काढत गेलो तर आपण १८४२ सालच्या अमेरिकेत पोहोचतो. एडगर अ‍ॅलन पो याने नॅथानिएल हॉथॉर्नच्या 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' या संग्रहाचे परीक्षण लिहिले. कथा एका बैठकीत वाचून व्हावी, लेखकाने कोणता एक परिणाम साधायचा हे आधी ठरवावे आणि पहिल्या वाक्यापासून प्रत्येक शब्द त्या परिणामाच्या कामी यावा, असे त्याने त्यात मांडले. गंमत अशी, की हॉथॉर्नचा ठळक विशेष म्हणून पो त्याच परीक्षणात ज्या गुणांची नावे घेतो, त्यांत नवनिर्मिती आणि स्वतंत्रता आहेत. म्हणजे पुढे ज्या निकषाने अनेक स्वतंत्र कथा अडवल्या, तो एका स्वतंत्र लेखकाचे कौतुक करतानाच जन्माला आला.

पोचे म्हणणे हे वाचून झालेल्या कथांचे निरीक्षण होते. त्याचे शास्त्र पुढे झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक ब्रँडर मॅथ्यूज यांनी १९०१ साली लघुकथेच्या तत्त्वज्ञानावर स्वतंत्र पुस्तक काढले. लघुकथा म्हणजे केवळ लांबीने कमी असलेली गोष्ट नव्हे, परिणामाची एकता हे तिचे लक्षण आहे, असा त्यांचा आग्रह होता. त्या सुमारास अमेरिकी मासिकांची कथेची भूक मोठी होती आणि कथा कशी लिहावी हे शिकवणारी पुस्तकेही निघू लागली. आपल्याकडे ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली आले आणि हा विचार मराठी लेखकाच्या टेबलावर पोहोचला. मोजकी पात्रे, मोजके प्रसंग, गुंतागुंत, उत्कंठा, परिणामकारक शेवट. फडक्यांवर तंत्राचा ठपका ठेवणे आज सोपे आहे. पण पाल्हाळिक गोष्टींची सवय असलेल्या वाचकाला त्यांनी रचना पाहायला शिकवले, हे नाकारता येत नाही. घोटाळा झाला तो नंतर. चांगली कथा वाचून झाल्यावर तिच्यात काय सापडले याची यादी पुढच्या कथेच्या दारावर लावली गेली.

ही यादी अजून जिवंत आहे. कथास्पर्धांच्या परीक्षकांना मिळणारे गुणतक्ते मी बरीच वर्षे पाहतो आहे. कथानक, व्यक्तिरेखा, भाषा, शेवट असे रकाने आणि प्रत्येकापुढे गुण, हा त्यांचा नेहमीचा साचा. त्या तक्त्यावर एक गाजलेली कथा ठेवून पाहू.

व्यंकटेश माडगूळकरांचा 'माणदेशी माणसं' हा संग्रह १९४९ सालचा. त्यातल्या 'धर्मा रामोशी'त घडते ते इतकेच. गावी आलेला निवेदक चिंध्या नेसलेल्या म्हाताऱ्या धर्माला आपले धोतर देतो. पुढे भेटतो तेव्हाही धर्मा चिंध्यांतच असतो. शेवटी कळते, की ते धोतर त्याच्या तरुण मुलीच्या अंगावर आहे. तिला नेसायला काही नव्हते.

आता गुण देऊ. कथानकात संघर्ष नाही. धर्मा बदलत नाही, त्याच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला सांगितले जात नाही, म्हणजे व्यक्तिरेखेचा विकास नाही. शेवटाला मात्र भरघोस गुण मिळतील, कारण तिथे कलाटणी आहे. बेरीज मध्यम येते. त्याहून वाईट म्हणजे शेवटाला मिळालेले गुणही चुकीच्या कारणाने मिळतात.

तक्त्याऐवजी मी एक जुनी, हाताने करायची कसोटी वापरतो. कथेत जे रूढीपेक्षा वेगळे आहे, ते काढून त्याजागी रूढ गोष्ट घालून पाहायची आणि काय हरवते ते नोंदवायचे. 'धर्मा रामोशी'त तीन बदल करून पाहू. पहिला, मुलीची अवस्था सुरुवातीलाच दाखवू. वाचकाला लगेच दया येईल, पण धोतर दिल्यावर निवेदकाबरोबर आपल्यालाही जे समाधान वाटले होते ते उरणार नाही, आणि मग ते मोडणारही नाही. कथा त्या समाधानाच्या मोडण्यातच आहे. दुसरा, धर्माच्या तोंडी आपले दुःख सांगणारे एक भाषण घालू. त्याचा अबोला गेला की त्याची अब्रूही जाते. तिसरा, शेवटी निवेदकाच्या हळहळीचा परिच्छेद जोडू. कथा धर्माची राहत नाही, देणाऱ्याची होते. तक्त्यात ज्या उणिवा दिसल्या, त्या प्रत्येकीच्या जागी कथेने काही काम केलेले आहे.

हीच कसोटी उलट बाजूनेही चालते, म्हणून ती केवळ नवेपणाची भलामण करत नाही. स्पर्धांत एक प्रकार नेहमी येतो. 'ती' एकटी आहे, 'ती'ला घरातून काढले आहे, आणि शेवटच्या ओळीत कळते की 'ती' म्हणजे गाय. इथे पहिल्याच ओळीत 'गाय' असे लिहून पाहावे. मागे काहीच उरत नसेल, तर ते वेगळेपण नव्हते, लपवाछपवी होती. धर्माच्या मुलीचे रहस्य आधी माहीत असूनही ती कथा दुसऱ्यांदा वाचवते. तेव्हा निवेदकाच्या दानाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

मात्र या कसोटीतून निघालेल्या उत्तराचाही नियम करू नये. माडगूळकरांच्या कथेत अबोला आवश्यक ठरला, म्हणून 'संयम' हा सर्व कथांचा निकष केला, की आपण पुन्हा १९०१ साली जाऊन बसलो. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेत जात लपवून रेल्वेत नोकरीला लागलेला माणूस जात उघड झाल्यावर मार खातो. संयमाचा रकाना घेऊन बसलेला परीक्षक इथे 'भडक' असा शेरा मारून मोकळा होईल. पण बदल करून पाहा. चढा सूर खाली आणा, सूचक करा. मारणाऱ्यांना जी सोय हवी असते, म्हणजे मार खाल्लेल्याने गप्प बसणे, तीच आपण त्यांना मिळवून देतो. एका कथेत मौन जे काम करते, ते दुसऱ्या कथेत आवाज करतो.

या कसोटीची एक मर्यादा आहे. काय बदलायचे आणि काय हरवले हे कळायला परीक्षकाला त्या लेखनाचे जग आणि शब्द ओळखीचे असावे लागतात. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यासाठी त्यांनी अनोळखी शब्दांचे अर्थ कवीलाच विचारून घेतले आणि त्याच्यासोबत तो परिसरही पाहिला. मान्यवर नाटककाराने तरुण कवीला 'याचा अर्थ काय' असे विचारणे, ही मूल्यमापनाची पहिली पायरी होती. गुणतक्त्यात या प्रश्नासाठी रकाना नसतो. तो घातला, तर कदाचित बाकीचे बरेच रकाने भरण्याआधी परीक्षकाची लेखणी थोडी थबकेल.