बारा वाजून दहा मिनिटांनी वाल्व्ह पुढे वळला

हा घटनाक्रम कल्पून मांडला आहे, कोणत्याही एका डेअरीचा नाही. तासाला दोन हजार लिटर दूध तापवणारा छोटा प्लँट, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीडकडचा, जुलै महिना. यंत्र मात्र प्रत्येक पायरीला असेच वागते.

सकाळी ६.००. दूध सुरू. बॅलन्स टँकमध्ये ६ अंशांचे कच्चे दूध. तिथून पंप ते प्लेटांच्या पाश्चरायझरमध्ये ढकलतो, गरम पाणी त्याला तापवते आणि होल्डिंग ट्यूबमध्ये ते १५ सेकंद राहते. ट्यूबच्या शेवटी तापमापी आणि लगेच एफडीव्ही, म्हणजे दुधाची वाट बदलणारा वाल्व्ह. ७२ अंश किंवा जास्त असेल तर दूध पुढे थंड होऊन पॅकिंगला जाते, नाहीतर परत बॅलन्स टँकमध्ये. वाल्व्हची हवा गेली तरी स्प्रिंग त्याला परतीच्याच वाटेवर नेते. संशय आला की मागे वळायचे, अशीच त्याची घडण आहे.

आजच्या दुधात एका गाईचे दूध मिसळले आहे. तिला दगडी, म्हणजे कासदाह, झालेला. त्यातून स्टॅफिलोकोकस जिवाणू आले आहेत, मिलिलीटरमागे काही हजार. ७२ अंशांना ते मरतील, त्यामुळे एवढ्यावर काळजीचे कारण नाही.

७.१०. वादळात जंगलातल्या लाइनवर फांदी पडते आणि वीज जाते. जनरेटरवर पंप आणि पॅनेल चालू होतात, पण बॉयलर त्या जोडणीवर नाही. वाफ संपते. ७२ च्या खाली येताच वाल्व्ह परतीकडे वळतो, घंटा वाजते, चार्टवरची पेन सरकते. सगळे बिनचूक. कमी तापलेल्या दुधाचा एक थेंबही बाहेर गेलेला नाही.

७.३०. खरा धोका इथे सुरू होतो आणि घंटा आता बंद केलेली आहे. बाहेर दूध जात नाही, म्हणून टँकचा फ्लोट नवे दूध घेत नाही. तेच २६० लिटर फिरत राहतात. टँकमधले दोनशे लिटर ६ अंशांचे, प्लेटा आणि ट्यूबमधले साठ लिटर सत्तरच्या आसपासचे, शिवाय शंभर लिटर गरम पाण्यातली उरलेली ऊब. हिशेब जमतो पस्तीस-सदतीस अंशांवर, म्हणजे गाईच्या अंगाइतक्या तापमानाच्या जवळ. परतीच्या दुधाला थंडाव्याच्या भागातून जायचे नसते, त्यामुळे बर्फाचे पाणी असूनही त्याचा उपयोग नाही.

ऑपरेटर पंप चालूच ठेवतो. लाइट येताच लगेच दूध सोडता येईल आणि वाल्व्ह तर पहारा देतोच आहे, हा त्याचा विचार. पण वाल्व्हला फक्त या क्षणाचे तापमान कळते. टँकचे तापमान पाहणारे कोणी नाही.

१०.३०. जिवाणू दुप्पट, पुन्हा दुप्पट. मिलिलीटरमागे लाख ते दहा लाखांच्या टप्प्यावर ते विष तयार करू लागतात. दुधाला वास नाही, ते नासलेलेही नाही.

१२.१०. वीज आली, बॉयलर चढला. तापमान ७२ च्या वर जाते, वाल्व्ह पुढे वळतो. जिवाणू मरतात, विष मरत नाही. हे एन्टरोटॉक्सिन शंभर अंशांनाही अर्धा तास टिकू शकते. सकाळचे दूध आधीच पॅक झाले होते, साठवणीची टाकी रिकामी होती. म्हणून ते २६० लिटर साठवणीत इतर दुधात मिसळून फारसे पातळ होत नाहीत, अर्ध्या लिटरच्या पाचशेवर पिशव्यांत पोचतात.

दुपारी १.००. फॉस्फटेज चाचणी: दूध नीट पाश्चराइज झाले आहे. चाचणी खरे सांगते. ती उष्णता पोचली का एवढेच पाहते.

असे प्रत्यक्षातही घडले आहे. ३१ मार्च २००० रोजी जपानमध्ये होक्काइडोतल्या ताइकी इथे स्नो ब्रँडच्या कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली आणि मलई काढण्याच्या टप्प्यातले दूध कोमट राहिले. त्याची भुकटी झाली, जूनअखेर ओसाकातल्या दुधाच्या पदार्थांत ती पोचली आणि तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. तिथेही उष्णता पुरेशी दिली गेली होती.

रात्री ८.००. ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा इथल्या घरांत दूध नेहमीप्रमाणे उकळले जाते. इथे उकळणेही कामाचे नाही. एक ते सहा तासांत उलट्या, पोटात मुरडा. लहान मुले आणि म्हातारी माणसे लवकर गळून जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ९.००. तपासणीत उरलेल्या पिशवीत जिवंत जिवाणू जवळजवळ सापडत नाहीत, म्हणून संशय घरातल्या भांड्यांवर जातो. चार्टवर दूध पुढे जातानाचे तापमान ७२ च्या वर होते का एवढेच पाहणारा फसतो. वाल्व्हची स्थिती दाखवणाऱ्या पेनची रेघ पाहावी लागते: ७.१० ते १२.१०, सलग पाच तास परतीकडे.

त्या प्लँटमध्ये हवे होते ते एवढेच: बॅलन्स टँकला तापमापी, वाल्व्ह सलग पंधरा-वीस मिनिटे परतीवर राहिला की पंप थांबवणारा टायमर, आणि तसे झाल्यावर टँक व लाइनमधले दूध काढून टाकून, सीआयपी करूनच पुन्हा सुरुवात. २६० लिटर दुधाचे नुकसान सहन करण्याचा अधिकार पाळीवरच्या ऑपरेटरला लेखी द्यायला हवा होता, कारण त्या वेळी व्यवस्थापकाचा फोन लागेलच असे नाही.