समान क्षेत्रफळाचा नियम: वक्रावरून बाष्पदाब कसा काढतात?

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरवर सहसा दाबमापक नसतो. आतला वायू किती उरला हे वजन करून ठरवतात. कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी ठरावीक तापमानाला दाब तोच राहतो. या दाबाला बाष्पदाब म्हणतात.

अडचण काय आहे?

1873 मध्ये योहानेस व्हान डर वाल्स यांनी वायू आणि द्रव या दोघांसाठी एकच समीकरण मांडले. तापमान स्थिर ठेवून त्यावरून दाब आणि आकारमानाचा आलेख काढला, तर क्रांतिक तापमानाखाली तो सरळ उतरत नाही. तो आधी खाली जातो, मग वर चढतो आणि पुन्हा उतरतो. प्रत्यक्षात मात्र द्रवाचे बाष्प होताना दाब स्थिर असतो, म्हणजे तिथे आडवी रेषा हवी. ती किती उंचीवर काढायची?

मॅक्सवेल यांचे उत्तर

1875 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी सांगितले की, रेषेखालच्या खोलगट भागाचे आणि रेषेवरच्या उंचवट्याचे क्षेत्रफळ सारखे यायला हवे. ते सारखे नसेल, तर वक्रावरून जाऊन रेषेवरून परतताना एकाच तापमानाला फुकटचे कार्य मिळेल. उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमानुसार ते शक्य नाही.

उदाहरण

कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान सुमारे 31 अंश सेल्सिअस आणि क्रांतिक दाब सुमारे 74 बार आहे. जवळपास 0 अंशाला हा वक्र 31 बारपर्यंत उतरतो आणि नंतर 53 बारपर्यंत चढतो. रेषा 40 बारवर काढली तर वरचा भाग मोठा पडतो, म्हणून ती वर सरकवावी लागते. सुमारे 48 बारला दोन्ही भाग जुळतात. हाच समीकरणाने दिलेला बाष्पदाब.

अस्थिर भाग कोणता?

31 ते 53 बारदरम्यानचा चढता तुकडा अस्थिर असतो. तिथे आकारमान वाढले की दाबही वाढतो, त्यामुळे जरासा धक्का बसला तरी पदार्थ द्रव आणि बाष्प यांत विभागतो. या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना, रेषेपर्यंतचे भाग तात्पुरते टिकू शकतात. एका बाजूला न उकळलेला अतितप्त द्रव असतो, तर दुसऱ्या बाजूला न साकळलेले बाष्प.

मर्यादा

0 अंशाला मोजलेला खरा बाष्पदाब सुमारे 35 बार आहे. 48 आणि 35 मधला फरक क्षेत्रफळांच्या नियमामुळे येत नाही. तो मूळ समीकरण ढोबळ असल्यामुळे येतो.

शिवाय ही पद्धत क्रांतिक तापमानाखालीच चालते. नंदुरबारमध्ये मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो. तेव्हा अशा सिलिंडरमध्ये द्रव आणि बाष्प वेगळे राहत नाहीत. वक्राचे वळणही नाहीसे होते आणि जुळवायला क्षेत्रफळेच उरत नाहीत. मग दाब किती असेल, हे सिलिंडरमध्ये किती वायू भरला आहे यावरही ठरते.