फिफो व एलआरयू पद्धतींतील पृष्ठदोषांची मोजणी

पृष्ठदोष (पेज फॉल्ट) म्हणजे प्रोग्रॅमला हवे असलेले पृष्ठ मुख्य स्मृतीच्या कोणत्याही चौकटीत (फ्रेम) नसणे. अशा वेळी ते डिस्कवरून आणावे लागते आणि चौकटी भरलेल्या असल्यास जुने एक पृष्ठ काढावे लागते. फिफो पद्धतीत सर्वांत आधी आत आलेले पृष्ठ काढले जाते, तर एलआरयू पद्धतीत सर्वाधिक काळ न वापरलेले. कोणती पद्धत किती दोष घडवते, हे पृष्ठक्रमांकांच्या एका संदर्भमालेवर (रेफरन्स स्ट्रिंग) मोजून ठरवतात. आरंभी सर्व चौकटी रिकाम्या मानतात आणि त्या भरताना होणारे दोषही मोजणीत धरतात.

==तीन चौकटींचे उदाहरण==
पाठ्यपुस्तकांत नेहमी आढळणारी माला अशी :

```
1 2 3 4 1 2 5 1 2 3 4 5
```

पहिल्या सात संदर्भांत दोन्ही पद्धती सारख्याच चालतात. सातही वेळा दोष घडतो आणि चौकटींत १, २, ५ ही पृष्ठे उरतात. पुढील १ व २ आतच सापडतात, म्हणून दोष नाही. फरक पडतो तो येथेच. फिफोची रांग आगमनाच्या क्रमाने, म्हणजे १, २, ५ अशीच राहते. एलआरयूमध्ये मात्र १ व २ नुकतेच वापरले गेल्याने क्रम ५, १, २ असा होतो. त्यामुळे ३ आल्यावर फिफो १ ला काढते आणि एलआरयू ५ ला. नंतर ४ आल्यावर दोन्हींत दोष घडतो. शेवटचे ५ फिफोला आत सापडते, एलआरयूला नाही. एकूण दोष फिफोचे ९ आणि एलआरयूचे १०.

पृष्ठ आत सापडल्यावरही फिफोची रांग बदलणे, ही मोजणीतील नेहमीची चूक होय. या मालेवर फिफोचे उत्तर १० आले, तर बहुधा तीच चूक झालेली असते.

==चौथी चौकट==
चौकट वाढवली की दोष घटावेत, अशी सहज अपेक्षा असते. एलआरयूचे दोष खरोखरच ८ वर येतात. फिफोचे मात्र १० होतात. पाचवा व सहावा संदर्भ आता दोषाविना पार पडतो, पण पुढे ५ आल्यावर १ जाते, लगेच १ आल्यावर २ जाते, आणि प्रत्येक वेळी नेमके पुढचे हवे असलेले पृष्ठ बाहेर पडत राहते. ही विसंगती बेलाडी, नेल्सन व शेडलर यांनी १९६९ मध्ये मांडली. ती बेलाडीची विसंगती म्हणून ओळखली जाते.

एलआरयूमध्ये असे होत नाही, कारण तीन चौकटींतील पृष्ठे चार चौकटींतही नेहमी असतातच. फिफोत ही हमी नाही. सातव्या संदर्भानंतर तीन चौकटींत १, २, ५ असतात, तर चार चौकटींत २, ३, ४, ५, म्हणजे १ गायब.

==मर्यादा==
एका मालेवरील आकडे त्या मालेपुरतेच खरे. वरील तीन चौकटींच्या निकालावरून फिफो सरस ठरत नाही. शिवाय दोषांच्या संख्येत पद्धतीचा स्वतःचा खर्च दिसत नाही. काटेकोर एलआरयूसाठी स्मृतीच्या प्रत्येक वापराची नोंद ठेवावी लागते, म्हणून प्रत्यक्ष प्रणालींत संदर्भबिटावर चालणाऱ्या क्लॉकसारख्या अंदाजी पद्धती वापरल्या जातात.