पट्ट्याचे क्रीप आणि स्लिप

समजा, एका गिरणीच्या जात्याचे फेरे मिनिटाला ६०० धरले आहेत. मोटर १४४० फेऱ्यांची, तिची पुली १०० मिलिमीटरची, जात्याची २४० ची. म्हणजे हिशेब बरोबर आहे. पण तो न ताणणाऱ्या, न घसरणाऱ्या पट्ट्याचा आहे.

सपाट रबरी पट्टा ताणाच्या बाजूने मोटरच्या पुलीवर लांबलेला चढतो आणि ढिल्या बाजूला थोडा आखडून उतरतो. आखडताना तो पुलीच्या मागे पडतो. जात्याच्या पुलीवर उलट घडते: तिथे तो लांबत लांबत पुलीच्या पुढे सरकतो. हेच क्रीप. ते १ टक्का धरले, तर फेरे ५९४ उरतात. पट्टा कितीही आवळला तरी ते पूर्ण जात नाही.

स्लिप वेगळी. भार वाढला किंवा पट्टा सैल पडला की तो पुलीवरून सरसकट घसरतो. आणखी ३ टक्के गेले की फेरे ५७६ वर येतात. पट्टा किंचाळतो, पुली तापते, रबर करपल्याचा वास येतो.

खात्रीसाठी दळण चालू असताना दोन्ही शाफ्टचे फेरे टॅकोमीटरने मोजावेत, कारण भार वाढला की मोटरही थोडी मंदावते आणि तो दोष पट्ट्याच्या माथी मारला जातो.