तिरुमलाची रांग कुठे गेली?

ज्येष्ठांसाठी तिरुपतीला दोन वेळा मोफत दर्शन, सकाळी दहा आणि दुपारी तीन, वयाचा दाखला काउंटरवर दाखवा, बाकीच्या सगळ्या रांगा थांबवतात, अर्ध्या तासात बाहेर. हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी फिरत असेलच. देवस्थानाने तो खोटा असल्याचं कितीदा सांगितलं, तरी तो काही मरत नाही. याचं कारण असं की तो पूर्ण खोटा नाही, शिळा आहे. कोरोनाच्या आधी ६५ वर्षांपुढच्यांना वर डोंगरावर टोकन मिळायचं, आणि दहा-तीनच्या वेळाही होत्या. ती पद्धत गेली, मेसेज राहिला.

मुळात वेळ ठरवून देण्याची वेळ का आली, ते आधी बघू. १९४४ मध्ये घाटरस्ता झाला आणि पायऱ्या चढण्याची सक्ती संपली. गर्दी वाढत गेली, गाभारा मात्र तेवढाच राहिला. आज साधारण ७० हजार माणसं दिवसाला दर्शन घेतात. दर्शनाला अठरा तास धरले तर तासाला जवळजवळ ३,९०० होतात. म्हणजे सेकंदाला एक माणूस पुढे सरकला पाहिजे! म्हणून तर तिथे हात जोडायच्या आत पुढे ढकलतात. आता काठी टेकत येणारे आजोबा तीन सेकंद घेतात असं समजा. असे हजार जण म्हणजे पन्नास मिनिटं, आणि तेवढ्यात एरवी तीन हजार माणसं गेली असती. ज्येष्ठांची वेगळी वेळ आणि तिला आकड्याची मर्यादा, दोन्ही या हिशोबातून येतात. दया हा त्यातला एक भाग झाला.

रांगेवर पहिला उपाय होता मोठमोठ्या खोल्यांचा. वैकुंठम संकुलातल्या ‘कंपार्टमेंट’मध्ये लोक तासन्‌तास बसायचे, आजही बसतात. नंतर मनगटावर बारकोडची पट्टी बांधायची ‘सुदर्शनम’ पद्धत आली. पट्टीवर वेळ असायची, त्यामुळे मधल्या वेळात माणूस खोलीवर जाऊन आडवा होऊ शकत होता. पुढे टोकन वाटायची केंद्रं खाली तिरुपती गावात आली. रांग संपली नाही, डोंगर उतरून खाली आली. एप्रिल २०२२ मध्ये त्या केंद्रांवर चेंगराचेंगरी होऊन माणसं जखमी झाली. ८ जानेवारी २०२५ च्या रात्री वैकुंठ एकादशीच्या टोकनांसाठी जमलेल्या गर्दीत सहा जणांचा जीव गेला. दर्शनाच्या रांगेत नव्हे, दर्शनाच्या कागदाच्या रांगेत.

ज्येष्ठांचा कोटा मात्र यातून आधीच सुटला होता. कोरोनात ६५ वर्षांपुढच्यांना घरीच थांबायला सांगितलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये त्यांचं दर्शन पुन्हा सुरू झालं ते ऑनलाइनच. रोज १,००० टोकन, पैसे नाहीत, आणि यातच दिव्यांग आणि गंभीर आजाराचे रुग्णही. तीन महिन्यांनंतरच्या महिन्याचा कोटा २३ तारखेला दुपारी तीनला ttdevasthanams.ap.gov.in वर उघडतो. अख्ख्या महिन्याची तीसेक हजार टोकनं एका क्षणी खुली होतात आणि बघता बघता संपतात. म्हातारपणी पाय दुखायचे ते वाचले, आता बोट चटकन चाललं पाहिजे. ओटीपी येईपर्यंत तारीख लाल झालेली असते. त्यामुळे हा कोटा प्रत्यक्षात ज्यांचा मुलगा, सून किंवा नातू त्या दुपारी मोबाइल घेऊन मोकळा आहे, त्यांचा झालाय. एकट्या राहणाऱ्या आजींचा यात नंबर कसा लागायचा?

आपल्याकडून जाणाऱ्यांची आणखी एक गोची आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईचं आणि तिरुपतीचं नातं जुनं, हरिप्रिया एक्सप्रेस तर भरूनच जाते. पण नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० वर आलं. समजा डिसेंबरच्या पहिल्या तारखेचं दर्शन हवंय. टोकन २३ सप्टेंबरला काढायचं, पण त्या दिवशी गाडीचं बुकिंग उघडलेलंच नसतं. आधी देवाची वेळ पक्की करायची, मग आठवडाभराने खालच्या बर्थसाठी नशीब आजमावायचं. बर्थ नाही मिळाला की टोकन वाया. ती रिकामी जागा त्या दिवशी दुसऱ्या ज्येष्ठाला काउंटरवर द्यावी, असं सुचवायचा मोह होतो खरा, पण काउंटर म्हटलं की पहाटेपासून पुन्हा म्हाताऱ्यांचीच रांग.

तेव्हा मेसेज वाचून आई-बाबांना गाडीत बसवू नका. तिथे काउंटरवर आधार कार्ड दाखवून काही मिळत नाही. टोकन नसेल तर तीनशे रुपयांचं तिकीट किंवा सर्वदर्शनाची कंपार्टमेंट बघावी लागते. या महिन्याची २३ तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा, आणि नावं-वय आधारवर आहे तसंच टाका.