कोड लिहिण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे? एका बुकिंगच्या प्रॉब्लेमवरून समजून घेऊ

इंटरव्ह्यूची तयारी करताना किंवा ऑफिसमध्ये नवीन काम हातात आल्यावर एक सल्ला सगळेच देतात: "आधी प्रश्न विचार, मग कोड लिही." पण नेमकं काय विचारायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. मग आपण "इनपुट साईझ किती?", "एज केसेस काय आहेत?" असे पाठ केलेले प्रश्न विचारतो, समोरचा काहीतरी उत्तर देतो आणि आपण जे लिहिणार होतो तेच लिहितो. अशा प्रश्नांचा उपयोग शून्य.

या लेखात आपण एकच छोटा प्रॉब्लेम घेऊ आणि कोणत्या प्रश्नामुळे कोडची कोणती ओळ बदलते ते बघू.

प्रॉब्लेम असा आहे: एका सभागृहाच्या बुकिंगच्या वेळांची यादी दिली आहे. दोन बुकिंग एकमेकांवर येतात का, ते शोधा.

## मी काय केलं होतं

हा प्रॉब्लेम मला इंटरव्ह्यूत नाही, पहिल्या नोकरीत भेटला. एका मंगल कार्यालयासाठी बुकिंगचं छोटं अ‍ॅप करायचं होतं. टीम लीडने सांगितलं, "डबल बुकिंग होता कामा नये." मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे? अर्ध्या तासात हा कोड तयार केला:

```python
def has_clash(bookings):
    for i in range(len(bookings)):
        for j in range(i + 1, len(bookings)):
            a, b = bookings[i], bookings[j]
            if a[0] <= b[1] and b[0] <= a[1]:
                return True
    return False
```

प्रत्येक बुकिंग म्हणजे सुरुवात आणि शेवट अशी जोडी. प्रत्येक जोडी प्रत्येकीशी तपासायची. दिसायला सगळं बरोबर.

डेमोच्या दिवशी कार्यालयाच्या मालकांनी सकाळी ९ ते दुपारी २ साखरपुडा टाकला आणि २ ते ६ बारसं टाकलं. अ‍ॅपने दुसरं बुकिंग नाकारलं. मी घाईघाईने `<=` च्या जागी `<` केलं, आता बुकिंग झालं. मी खूश. तेवढ्यात काका म्हणाले, "अहो, पण असं बुकिंग घेतलं तर कसं चालेल? पंगत उठायला, झाडलोट करायला मधे एक तास नको का?"

म्हणजे माझं `<=` चुकलं होतं आणि `<` सुद्धा चुकलंच होतं. खरं उत्तर तिसरंच होतं, आणि ते फक्त काकांना माहीत होतं. तो कोड तसाच लाईव्ह गेला असता, तर लग्नसराईत एक घर जेवत असताना दुसरं घर सामान घेऊन दारात उभं राहिलं असतं. आधी एक वाक्य विचारलं असतं तर हे तिथेच कळलं असतं.

## पहिला प्रश्न: उत्तर कोणत्या रूपात हवं आहे?

"एकमेकांवर येतात का ते शोधा" या वाक्याचे किमान दोन अर्थ होतात. फक्त हो किंवा नाही सांगायचं? की कोणती बुकिंग कोणाशी भिडतात, त्या सगळ्या जोड्या हव्या आहेत? दोन्हींचा कोड वेगळा असतो.

हो-नाही पुरेसं असेल, तर बुकिंग सुरुवातीच्या वेळेनुसार सॉर्ट करायची आणि फक्त शेजारच्या दोन-दोन तपासायच्या. कुठेही टक्कर असेल, तर एखादी शेजारची जोडी सापडतेच.

पण सगळ्या जोड्या हव्या असतील तर ही युक्ती चालत नाही. ही यादी बघा: `(9, 15)`, `(10, 11)`, `(12, 13)`. शेजारी तपासले तर पहिलं आणि दुसरं भिडतंय हे कळतं. दुसरं आणि तिसरं भिडत नाही, तेही कळतं. पण पहिलं आणि तिसरं भिडतंय, हे निसटतं. ९ ते १५ चं बुकिंग लांब आहे, ते शेजाऱ्याच्याही पलीकडे पोचतं. त्यात सगळीच बुकिंग एकाच वेळेची निघाली, तर जोड्यांची संख्याच प्रचंड होते. तेवढं आउटपुट छापायलाच वेळ लागणार, तो कोणत्याही अल्गोरिदमने वाचत नाही.

म्हणून हा प्रश्न सगळ्यात आधी. आउटपुट ठरलं नाही, तर पुढच्या प्रश्नांची उत्तरं मिळूनही काय लिहायचं ते कळत नाही.

## दुसरा प्रश्न: काठावर काय करायचं?

एज केस म्हणजे काहीतरी विचित्र, क्वचित येणारं इनपुट, असा आपला समज असतो. इथे बघा, एक कार्यक्रम २ ला संपतो आणि दुसरा २ ला सुरू होतो, यात विचित्र काहीच नाही. हे रोज होणार. एज केस म्हणजे नियम जिथे बदलतो तो काठ.

या प्रॉब्लेममधले काठ शोधायला एक सोपी पद्धत आहे. कोडमध्ये जिथे जिथे तुलना आहे, तिथे "दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर?" असं स्वतःला विचारा. शेवट आणि पुढची सुरुवात सारखी झाली तर? त्यातून काकांचा एक तास बाहेर आला. एकाच बुकिंगची सुरुवात आणि शेवट सारखाच असेल तर? म्हणजे `(10, 10)`. `<` वापरून वरचा कोड चालवला तर हे शून्य लांबीचं बुकिंग `(9, 12)` शी भिडतं, पण `(10, 12)` शी भिडत नाही. असं इनपुट मुळात घ्यायचंच नाही, हे आधी ठरवलेलं बरं.

शेवट सुरुवातीच्या आधी असेल तर? रात्री १० ते १ असं रिसेप्शन `(22, 1)` असं आलं, तर तुमच्या सगळ्या तुलना कोलमडतात. प्रोग्राम थांबत नाही, एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं. त्यामुळे विचारायचं: कार्यक्रम मध्यरात्र ओलांडू शकतो का? "हो" असं उत्तर आलं, तर नुसती वेळ पुरत नाही, तारीखही सोबत हवी.

## तिसरा प्रश्न: डेटा किती आणि कसा?

एका कार्यालयाची वर्षाची २०० बुकिंग असतील, तर माझ्या पहिल्या कोडमधले दोन लूप जास्तीत जास्त १९,९०० तुलना करतात. कॉम्प्युटरला हे काहीच नाही. तिथे सॉर्टिंगसाठी डोकं खाजवण्याची गरज नाही.

पण तोच कोड २ लाख नोंदींवर चालवला आणि टक्कर कुठेच नसेल, तर जवळपास २,००० कोटी तुलना होतात. पायथॉनमध्ये हे सेकंदांत होणार नाही, भरपूर वेळ बसून राहावं लागेल. सॉर्ट करून शेजारी तपासले, तर हेच काम साधारण ३५ लाख तुलनांमध्ये होतं. यात गंमत अशी की दोन लूपचा कोड टक्कर लवकर सापडली तर लगेच थांबतो. म्हणजे टेस्टिंगमध्ये तो वेगवान दिसतो, आणि सगळं व्यवस्थित असलेल्या खऱ्या डेटावर अडकतो.

ऑनलाईन कोडिंग प्रॉब्लेममध्ये ही मर्यादा खाली छापलेली असते. ऑफिसात आणि इंटरव्ह्यूत ती विचारावी लागते.

"कसा" हा भागही विसरू नका. वेळा टेक्स्ट म्हणून येत असतील, तर सॉर्ट करताना `"10:00"` हे `"9:30"` च्या आधी लागतं, कारण तुलना अक्षराने होते आणि 1 हा 9 च्या आधी येतो. म्हणून मी आता अशा वेळा आधी मिनिटांत बदलून घेतो: सकाळी ९ म्हणजे ५४०, दुपारी २ म्हणजे ८४०.

## प्रश्न विचारायचा कसा?

समजा मी काकांना विचारलं असतं, "एज केसेस काय आहेत?" त्यांनी काय सांगितलं असतं? त्यांचा तो शब्दच नाही. आणि एक तासाची गोष्ट त्यांच्या दृष्टीने इतकी उघड होती की ती सांगायला हवी, हेही त्यांच्या लक्षात आलं नसतं.

त्याऐवजी उदाहरण ठेवायचं: "एक कार्यक्रम २ ला संपतोय आणि दुसऱ्याला २ पासून हॉल हवाय. द्यायचा का?" यावर काका लगेच तो एक तास सांगणार. इंटरव्ह्यूतही हेच. "काही कन्स्ट्रेंट्स आहेत का?" यापेक्षा "नोंदी शेकड्यात आहेत की लाखांत? शेकड्यात असतील तर मी साधे दोन लूप लिहितो" असं म्हटलं, तर समोरच्याला तुमचा विचारही दिसतो.

आणि थांबायचं कुठे? प्रत्येक प्रश्नाआधी स्वतःला विचारा: उत्तर हो आलं काय आणि नाही आलं काय, माझा कोड बदलणार आहे का? बदलणार नसेल तर प्रश्न सोडून द्या. ग्राहकाच्या नावाची लांबी किती, हे या फंक्शनला माहीत असण्याची गरज नाही.

उत्तर द्यायला कोणी नसेल, तर स्वतः एक गृहीतक धरा, पण ते लिहून ठेवा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे टेस्ट. आमच्या अ‍ॅपमध्ये शेवटी हे राहिलं:

```python
GAP = 60  # मिनिटं

def has_clash(bookings):
    rows = sorted(bookings)
    for prev, cur in zip(rows, rows[1:]):
        if cur[0] < prev[1] + GAP:
            return True
    return False

assert has_clash([]) == False
assert has_clash([(540, 840), (840, 1080)]) == True
assert has_clash([(540, 840), (900, 1080)]) == False
```

शेवटच्या तीन ओळी म्हणजेच विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं. यादी रिकामी असेल तर टक्कर नाही. २ ला संपून २ ला सुरू होणारं चालणार नाही. मधे बरोबर एक तास असेल तर चालेल. उद्या काका म्हणाले की आता माणसं वाढवली, अर्धा तास पुरतो, तर वरचा `GAP` बदलायचा आणि अर्ध्या तासाची एक टेस्ट जोडायची. आधीच्या तिन्ही टेस्ट तशाच पास होतील.

पुढच्या वेळी नवीन काम आलं की एडिटर उघडा, पण फंक्शन लिहू नका. आधी असे तीन `assert` लिहून बघा. उजव्या बाजूला `True` लिहायचं की `False`, हे जिथे तुम्हाला ठरवता येत नाही, तोच तुमचा विचारायचा प्रश्न.