उशीर सुरू कुठे होतो? पिंग, ट्रेसराउट आणि एका रांगेचा इतिहास

मंडळी, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटायला लागला की आपण नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन करतो. त्यांचा माणूस येतो, लाइन तपासतो आणि म्हणतो, "इथून तर सगळं व्यवस्थित दिसतंय." अशा वेळी दोन्ही बाजू खरं बोलत असू शकतात. ते कसं, हे कळण्यासाठी आज दोन छोट्या प्रोग्रॅमची आणि एका रांगेची गोष्ट बघू.

पहिला प्रोग्रॅम पिंग. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी तो लिहिला. ते अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत होते. तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं. पाणबुडीतलं सोनार ध्वनीचा ठोका सोडतं आणि प्रतिध्वनीला किती वेळ लागला ते मोजतं. म्यूस यांनी तीच कल्पना घेतली आणि त्या ठोक्याच्या आवाजावरूनच नावही ठेवलं. तुमचं यंत्र एक छोटं पॅकेट पाठवतं, समोरचं यंत्र ते परत करतं आणि जाऊन-येऊन लागलेला वेळ मिलिसेकंदांत छापला जातो. हीच लेटन्सी. हा वेळ दर खेपेला बदलत राहिला, तर त्या चढउताराला जिटर म्हणतात. म्यूस यांनी पुढे सांगितलं आहे, की पहिलं पॅकेट सोडायची वेळ आली तोवर नेटवर्क दुरुस्त झालेलं होतं!

पण पिंग एवढंच सांगतो की उशीर आहे. तो कुठे आहे, हे सांगत नाही. ते काम १९८८ च्या सुमारास लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरीतल्या व्हॅन जेकबसन यांनी ट्रेसराउट लिहून केलं. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्य झाला की राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. पॅकेटं नेटवर्कमध्ये कायमची फिरत राहू नयेत म्हणून केलेली ही सोय. ट्रेसराउट मुद्दाम आधी १, मग २, मग ३ असा आकडा घालून पॅकेटं सोडतो. त्यामुळे पहिला, दुसरा, तिसरा राउटर ओळीने आपला पत्ता देत जातो.

जेकबसन यांना या उशिराचा चांगलाच अनुभव होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये त्यांची प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला होता. अंतर होतं जेमतेम ४०० यार्ड! वाटेतल्या रांगा भरल्या होत्या, पॅकेटं गळत होती आणि यंत्रं तीच पॅकेटं पुन्हापुन्हा पाठवून गर्दी वाढवत होती. जेकबसन यांनी नियम घालून दिला: पॅकेट गळलं तर तो इशारा समजा आणि वेग कमी करा. आजही इंटरनेटवरचा बराचसा व्यवहार या तत्त्वावर चालतो. हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढची अडचण त्यातूनच आली.

पुढे मेमरी स्वस्त झाली. मॉडेम आणि राउटर बनवणाऱ्यांनी विचार केला, पॅकेट गळण्यापेक्षा थांबलेलं बरं, म्हणून त्यांनी मोठमोठे बफर बसवले. झालं असं, की रांग सेकंदभर लांब झाली तरी पॅकेट गळेना. मग इशारा वेळेवर मिळेना आणि पाठवणारा वेग कमी करेना. २०१० मध्ये जिम गेटिस घरून मोठ्या फाइल पाठवत होते, तेव्हा त्यांचा पिंग एक सेकंदाच्याही वर गेला. त्यांनी माग काढला आणि या दुखण्याला नाव दिलं 'बफरब्लोट', म्हणजे फुगलेला बफर.

आता हाच माग आपल्या घरात कसा काढायचा ते बघू. लिनक्सवरच्या आज्ञा अशा:

```
traceroute -n 8.8.8.8
ping -c 30 192.168.1.1
ping -c 30 8.8.8.8
```

विंडोजवर `tracert -d` आणि `ping -n 30`. ट्रेसराउटमध्ये पहिली ओळ सहसा घरच्या राउटरची आणि दुसरी बहुधा कंपनीच्या पहिल्या यंत्राची. या दोघांना आणि दूरच्या एका पत्त्याला पिंग करायचं. आधी घरात कोणी नेट वापरत नसताना, मग मोठी फाइल अपलोड होत असताना.

समजा, अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे. लाइन मोकळी असताना घरच्या राउटरचा पिंग २ मिलिसेकंद, कंपनीच्या पहिल्या यंत्राचा ९ आणि दूरचा १४. अपलोड सुरू केल्यावर हेच आकडे ३, २७० आणि २७५ झाले. आता वाचा. घरच्या राउटरपर्यंत काही बिघडलं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामध्ये सुमारे २६० मिलिसेकंद वाढले आणि पुढच्या टप्प्यांनी त्यात काहीच भर घातली नाही. म्हणजे रांग तुमच्या घरातून बाहेर पडणाऱ्या तोंडाशी आहे. १० एमबीपीएसवर २६० मिलिसेकंद म्हणजे साधारण ३२५ किलोबाइट माल थांबलेला. तंत्रज्ञ येतो तेव्हा अपलोड चालू नसतं, म्हणून त्याला १४ दिसतात. तोही खोटं बोलत नाही.

पहिलाच आकडा उसळला असता, तर संशय वायफायवर. यंत्र केबलने जोडून पुन्हा मोजलं की खात्री होते. डाउनलोड करताना दुसरा आकडा वाढला, तर रांग बहुधा कंपनीच्या बाजूला आहे. ट्रेसराउट फक्त जाऊन-येऊन लागलेला वेळ देतो, त्यामुळे दिशा कळायला आपण भार कोणत्या बाजूला टाकला हे बघावं लागतं.

एक फसवी गोष्ट सांगतो. ट्रेसराउटमध्ये मधलाच एखादा टप्पा ८० दाखवतो आणि त्यापुढचे सगळे १४. तिथे उशीर नाही. पॅकेट पुढे ढकलणं हे त्या राउटरचं मुख्य काम, आपल्याला उत्तर देणं दुय्यम, म्हणून उत्तर सावकाश येतं. खरा उशीर असेल तर तो पुढच्या टप्प्यांतही राहतो. तारांकनं आली आणि पुढचे टप्पे दिसले, तर त्या राउटरने फक्त उत्तर दिलेलं नाही.

अंतराचा उशीर मात्र खरा असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. पण हा उशीर स्थिर असतो. पिंगच्या शेवटच्या ओळीतला `min` बहुतांशी अंतर दाखवतो. `max` त्याच्या कितीतरी वर असेल आणि `mdev` मोठा असेल, तर वाटेत रांग आहे किंवा वायफाय अडखळतंय. कॉल तुटतो तो बहुतेक वेळा या चढउताराने.

यावर उपाय सुचवणाऱ्यांत पुन्हा जेकबसनच होते. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि त्यांनी 'कोडेल' मांडला. रांग किती लांब आहे हे न बघता पॅकेट त्यात किती वेळ अडकलं हे बघायचं. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या काळात एकदाही ५ च्या खाली आला नाही, तर पॅकेट टाकायला सुरुवात करायची, म्हणजे १९८८ चा इशारा पुन्हा वेळेवर पोहोचतो. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर ही सोय बसवता येते. तिथे वेगाची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी, आपल्या उदाहरणात ९ एमबीपीएस, ठेवावी लागते. तसं केलं नाही तर रांग मॉडेममध्येच राहते आणि मॉडेम आपलं ऐकत नाही. थोडा वेग जातो. पण त्यानंतर अपलोड चालू ठेवून पुन्हा पिंग केला आणि २७५ च्या जागी २० ते ३० दिसले, तर रांग तिथेच होती हे सिद्ध झालं.